लंगरची भाषा

माझा धाकटा भाऊ ट्रेनिंगमधून पहिल्या सुट्टीवर कुडपणला आला, तेव्हा पायातले बूट काढता काढता त्याने आईला विचारलं, "लंगर कधी उघडणार?" आईला वाटलं गावात कुठे भंडारा आहे. मग तो हसत चुलीपाशी बसला आणि सांगू लागला, की फौजेत स्वयंपाकघराला लंगर म्हणतात, रांधणाऱ्याला लांगरी म्हणतात, आणि लांगऱ्याशी कधी भांडायचं नसतं.

"मग मी लांगरी काय रे?" आई म्हणाली.

"तू लांगऱ्यांची साब."

त्या सुट्टीत तो घरात असूनही थोडा दुसरीकडे असल्यासारखा वाटे. मी महाडच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. शब्द जमा करायची मला सवय, म्हणून रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी त्याला विचारत राहायचो आणि तो सांगायचा. नव्या पोराला रंगरूट म्हणतात. शिकवणारा हवालदार असो की नाईक, तो उस्ताद. पुढे हाताखालचा पोरगा त्याच्याहून मोठ्या हुद्द्यावर गेला तरी त्याला उस्तादच म्हणतो. बाहीवरच्या फितींवरून माणूस ओळखायचा, एक फीत, दोन फिती, तीन फिती. सुभेदार भेटला की साब. झाडलोट, भांडी घासणं अशी वाट्याला येणारी कामं म्हणजे फटीक. हे सगळ्या फौजेचं. याशिवाय प्रत्येक बराक आपली वेगळी नावं पाडते. यांचा उस्ताद घड्या घातलेल्या चादरीखाली बोट फिरवून धूळ शोधायचा, म्हणून त्याच्या माघारी तो 'सासू'. सगळ्यात मोठे साहेब महिन्यातून एकदा दिसत, म्हणून ते 'पौर्णिमा'. पातळ डाळ 'डुबकी', कारण डाळीचा दाणा हवा तर बुडी मारायची.

शिक्षेला ते रगडा म्हणत. पाठीवर पिट्ठू लादून, रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या, नाहीतर खडीवर कोलांट्या. लहान रगड्याला यांनी 'मालिश' म्हणायचं ठरवलं होतं, मोठ्याला 'पूजा'. "उद्या सकाळी पूजा आहे," असं कुणी गंभीरपणे सांगितलं की बराक हसायची, असं तो म्हणाला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, तसं मी बोललो.

"दादा, एकाचा बूट चमकला नाही तर सगळी तुकडी लोळते," तो म्हणाला. "पहिले चार दिवस ज्याच्यामुळे लोळलो त्याला मारावंसं वाटतं. कोल्हापूरचा, परभणीचा, खेडचा, कुणाची बोली कुणाला धड कळत नाही. मग एक जण कायतरी नाव ठेवतो आणि सगळे हसतात. हसलो की राग जातो. आणि ते नाव त्या दिवशी लोळलेल्यांनाच कळतं."

एकदा तो दोन फितींचा नाईक झाल्यावर मी फोनवर त्याला म्हणालो, की यंदा कॉलेजात तपासणीचा मोठा रगडा झाला. त्याने विचारलं, "तुझ्याबरोबर कोण लोळलं?" कुणी नाही, मी म्हणालो. "मग तो रगडा नाय दादा. नुसतं काम."

गेल्या वर्षी डोंगरातल्या रस्त्यावर त्याची गाडी दरीत गेली. त्यानंतर घर शांत झालं, हे सगळ्यांच्याच घरी होतं. माझं वेगळंच काही हरवलं होतं, आणि ते कुणाला सांगायला बरं वाटत नव्हतं. ती भाषा गेली होती. शब्द सगळे मला पाठ होते, पण आईपुढे 'लंगर' म्हटलं तर माझ्या तोंडून तो पुस्तकातला शब्द वाटे. आई ऐकून घ्यायची आणि भाताकडे बघायची. मला ती भाषा एकदा, जशी तो बोलायचा तशी, आमच्या घरात ऐकायची होती.

वर्षश्राद्धाला त्याच्या तुकडीतले तिघे येणार असं कळलं, तेव्हा मी मनात तेवढंच धरून होतो. तिघांनी सुट्ट्या जुळवल्या होत्या. मी जीप घेऊन वीर स्टेशनावर गेलो. उंच आडमाप कोल्हापूरचा, बोलका परभणीचा आणि आमच्या शेजारच्याच खेडचा, ज्याच्या बाहीवर आता तीन फिती होत्या. तिघेही माझ्या पाया पडायला वाकले. पोलादपूर मागे पडून जीप घाट चढेपर्यंत ते "हो सर", "नाही सर" एवढंच बोलले. घरी आईपुढे तर ते देवळात बसल्यासारखे बसले. पंगतीत मान खाली घालून जेवले, "वरण छान झालंय काकू" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते परतणार होते.

दुपार अशीच गेली. पाहुणे पांगले. ओट्यावर आम्ही चौघे आणि आई उरलो. काहीतरी केलं नाही तर हे निघून जातील, असं वाटून मी म्हणालो, "आज सकाळपासून आमचाही रगडाच झाला."

चूक मला माहीत होती. भावानेच ती फोनवर दाखवली होती. मला वाटलं, यांच्यातला कुणीतरी मला टोकेल. पण कोल्हापूरचा अदबीने म्हणाला, "हो सर, दमला असाल." खेडच्याने नुसती मान हलवली. परभणीचा मात्र तोंडावर हात धरून दुसरीकडे वळला, त्याचे खांदे हलत होते. खेडच्याने त्याला कोपर मारलं.

आईने ते पाहिलं. "हस ना रे," ती म्हणाली. "तो असता तर पयला तोच हसला असता. सकाळधरनं बघतंय, कुणाच्या घरी आलाव तुमी? त्या सासूचं काय झालं ते तरी सांगा."

परभणीच्याने तोंडावरचा हात काढला.

"काकूंना सासू माहिती हाय?" परभणीचा म्हणाला.

"डुबकीपण माहिती हाय."

मग कोल्हापूरचा खो खो हसला आणि थांबेना. सासू रिटायर झाली, तिला आता खरी सून आली आहे आणि घरात तिची रोज पूजा होते, असं त्याने सांगितलं. आमच्या भावाने लांगऱ्याला पटवून बडा खान्याच्या, म्हणजे पलटणीच्या मेजवानीच्या दिवशी मोठ्या डेगेच्या तळातली खरवड कशी पळवली, आणि त्यापायी सगळ्यांची मालिश कशी झाली, ते परभणीच्याने लोळून दाखवलं. "तुझ्यामुळं रे सगळं," "माझ्यामुळं? तुझ्या बुटामुळं," असं ते भांडले. त्यात तो चौथा असल्यासारखा त्याच्यावरही ओरडत होते. आई पदराने डोळे पुसत होती आणि हसतही होती.

दिवेलागणीला आई उरलेलं वाढायला उठली तेव्हा खेडचा म्हणाला, "काकू, पंगत नको. लंगर लावा. आम्ही येतो थाळी घेऊन."

ते सवयीने उंचीप्रमाणे ओळीत उभे राहिले, आधी कोल्हापूरचा, मग परभणीचा. खेडचा एक पाऊल मागे, मध्ये एका माणसाची जागा सोडून. ठरवून सोडली असं नाही, पाय तिथेच थांबले. मी थाळी घेतली आणि त्या जागेत जाऊन उभा राहिलो. भावाची उंची आणि माझी उंची सारखीच होती.

खेडच्याने माझ्या दंडाला धरलं. सकाळपासून मला सर म्हणणारा तो आता सर म्हणाला नाही.

"ए रंगरूट. ती जागा भरलेली हाय. नवीन माणूस शेपटाला."

मी शेपटाला गेलो. पुढून परभणीचा ओरडला, "आणि डेग घासायची फटीक आज रंगरूटाची." आईने माझ्या थाळीत सगळ्यांच्या शेवटी डाळ वाढली.