बॉबिनची पहिली ओळ

टेलरमास्तरांनी जन्मभर दुसऱ्यांची मापं लिहिली, मनातलं काही लिहायची वेळच आली नाही. पण त्यांची मांजर, बॉबिन, गेली आणि दुसऱ्याच सकाळी मास्तर मोबाइल घेऊन कापणीच्या टेबलाशी बसले. कापडाच्या गठ्ठ्यावर तिच्या अंगाचा खड्डा अजून तसाच होता.

फोटो निवडण्यातच तास गेला. आजारपणातले फोटो बायकोने बाजूला केले. "तशी नको दिसायला ती," म्हणाली. शेवटी बॉबिन बायकोच्या मांडीवर ऐसपैस पसरलेली, मिशीला लाल दोरा, असा फोटो ठरला. मास्तरांनी खाली मनातलं लिहिलं आणि पोस्ट टाकून दिली.

अर्ध्या तासात समोरची बटणवाली डोळे पुसत आली. दारात मास्तरांची बायको उभी दिसली, तशी तिची बोबडीच वळली.

"वहिनी! तुम्ही... आहात?"

"मग कुठे जाणार?"

झालं होतं असं, की फोनवर फोटोतल्या वहिनी आणि पहिली ओळ तेवढी दिसत होती: 'ती गेली. इतकी वर्षं उठता-बसता सोबत केली...' बाकीचं 'आणखी वाचा'च्या मागे. आणि आपल्या लोकांना आणखी वाचायची सवय कुठे! छत्तीस जण वहिनींच्या आत्म्याला शांती चिंतून मोकळे झाले होते.

मुलीचा फोन आला. "बाबा, आधी डिलीट करा ते! एका मांजरीपायी घरादाराचं हसं झालंय."

"हसू देत. माझं रडणं खरं आहे, ते मी पुसणार नाही."

"अहो, काढू नकाच," आतून बायको ओरडली. "माझा स्वभाव किती गोड होता, ते मला आजच कळतंय. नणंदेनेसुद्धा लिहिलंय!"

मास्तरांना रडता रडता हसू फुटलं. टाकलेला फोटो बदलता येत नव्हता, पण मजकूर दुरुस्त करता येत होता. कोटाची बाही उसवून पुन्हा बसवणाऱ्या माणसाला एका ओळीचं काय अवघड? चष्मा वर सारून त्यांनी सुरुवातच नवी जोडली. आता कुणीही न उघडता वाचलं असतं:

'बॉबिन, आमची मांजर, काल गेली. (बायको ठणठणीत आहे.)'

पुढचं त्यांनी होतं तसंच ठेवलं:

'ती गेली. इतकी वर्षं उठता-बसता सोबत केली. बॉबिन, मशीन थांबलं की तू मान वर करून बघायचीस. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दुकान महिनाभर बंद होतं, गिऱ्हाईक फिरकलं नाही, तू मात्र पायाशी बसून होतीस. किती अस्तरं ओरबाडलीस, एकदाही रागावलो नाही. खोटं कशाला, दोनदा रागावलो. आज दुकान उघडून बसलोय आणि रडतोय, गिऱ्हाइकांसमोर. चौदा वर्षं दिलीस, तुझे आभार.'

दुपारी मुलीचंही उत्तर त्याखाली आलं: 'माझ्या लग्नातल्या साडीवर झोपली होती. केस अजून निघाले नाहीत. काढणारही नाही.'

मास्तरांनी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं आणि मशीनवर पाय ठेवला. गठ्ठ्यावरचं कापड मात्र हलवलं नाही. त्या दिवशी दुसरंच कापायला घेतलं.