पासपोर्टातली आई

आई गेली आणि तेराव्याला मांडायला तिचा एकच धड फोटो निघाला, पासपोर्टचा. माझ्या बहिणीकडे दुबईला जायचं म्हणून काढलेला. दुबई राहिली ती राहिलीच. फोटोत ओठ घट्ट मिटलेले, कपाळाला आठी, रांगेत कोणीतरी मध्ये घुसलंय अशी नजर.

"हिला असं कायमचं भिंतीवर टांगायचं?" बहीण म्हणाली. मलाही ते सहन होत नव्हतं.

बाबांना घेऊन आम्ही मुलुंडला स्टेशनजवळच्या स्टुडिओत गेलो. "पासपोर्टला हसू चालत नाही, म्हणून सगळे असेच दिसतात," मालक म्हणाला. "एआयने हसवतो. चेहरा तोच राहील." नाक, हनुवटीवरचा तीळ, जबडा जसाच्या तसा ठेवून नुसतं हसू आणायला त्याने कॉम्प्युटरला सांगितलं. जरा वेळात आई खळखळून हसली. टूथपेस्टच्या जाहिरातीतल्या दातांनी.

"ए, हे आईचे दात नाहीत रे!" बहीण मला म्हणाली.

"तोंड मिटलेलं आहे ना, मशीनला दात दिसलेच नाहीत. मग ते आपल्या मनाने बसवतं," मालक म्हणाला. "हसतानाचा एखादा फोटो द्या, त्यावरून करतो."

आम्ही मोबाईल उपसले. लग्नं, बारशी, गणपती. जिथे जिथे आई हसतेय तिथे तोंडाला पदर. बाईने दात दाखवून हसू नये, ही तिची गावाकडची शिस्त. त्यावरून आम्ही तिला किती चिडवायचो! आता मी म्हणालो पुढचा एक दात आत होता, बहीण म्हणाली बाहेर होता. बाबांना विचारलं तर ते फरशीकडे बघत राहिले. मला भयंकर चीड आली, आम्हा तिघांचीही. जिच्या हातचं जन्मभर खाल्लं तिचे दात आठवत नाहीत?

शेवटी मालकाने ओठ मिटलेलेच ठेवले. ओठांचे कोपरे आणि गाल किंचित वर, डोळे थोडे बारीक, त्यांच्या कडेला सुरकुत्या. आणि खरंच आई आली. पदराच्या वर एवढंच तर दिसायचं तिचं हसू. बहीण तिथेच रडायला लागली.

"फायनल करू ना, काका?"

बाबा बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते.

"बरो आसा फोटो," ते म्हणाले. "पण माज्याकडे बघून ती अशी कधीच हसूक नाय."

मालकाने उगाच माऊस हलवला.

"आधीचोच मोठो करा," बाबा म्हणाले. "ती माज्याकडे तशीच बघायची."

तोच लावलाय. बाबा रोज त्याच्यासमोर बसून जेवतात, आणि मान वर करत नाहीत.