लिफ्ट कोणाची

"आपलं बोलणं झालंय ना ताई, मग कागद कशाला?" भूपेश म्हणाला आणि विनिताच्या अंगावर काटा आला.

भूपेशचा काही दोष नव्हता. पूर्णा गावातल्या त्या तीन मजली गोदामाचा तो मॅनेजर, त्याच्या कंपनीने ते भाड्याने घेतलेलं. त्याने साधं वाक्य उच्चारलं होतं. पण विनिताच्या कानांत ते दौलतच्या आवाजात उमटलं. तिच्या नवऱ्याचं फोनवरचं शेवटचं बोलणं हेच: "बोलनं झालंय, तू काळजी करू नको." शेजारच्या गल्लीतल्या गोदामात मोडकं शटर दुरुस्त करायचं ठरलं होतं. मालकाला वाटलं भाडेकरू करील, भाडेकरूला वाटलं मालक. शटर कोसळलं तेव्हा खाली दौलत उभा होता. नंतर चौकशीत दोन्हीकडचे लोक शपथेवर सांगत राहिले, आमच्याकडे नव्हतं ते. कोणी खोटं बोलत होतं असंही नाही. विनिताला तेच सहन होत नसे.

तेव्हापासून ती गावातल्या बायकांना पॅकिंगच्या कामाला लावून देई. माणसं पुरवायची, त्यांची काळजी घ्यायची. आणि कुठेही तोंडी ठरलं की ती मोबाइलवर लिहून पाठवी. बायका मागे हसत, "विनिता वकील झाली."

भूपेशने त्या दिवशी सगळं कबूल केलं होतं. सोमवारपासून बारा बायका, वरच्या मजल्यावर पॅकिंग. मालाच्या लिफ्टची जाळी बंद होत नव्हती, ती "त्याआधी होऊन जाईल."

"होऊन जाईल म्हणजे कोण करणार?" तिने विचारलं.

"होईल हो ताई."

घरी जाऊन तिने भूपेशला मोबाइलवर लिहिलं: 'आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे, सोमवारपासून बारा बायका येतील. लिफ्टची जाळी तुमची कंपनी शनिवारपर्यंत दुरुस्त करेल आणि तपासून घेईल. तोवर बायका लिफ्ट वापरणार नाहीत. यात काही चुकीचं असेल तर दुरुस्त करून कळवा. बरोबर असेल तर "मान्य" लिहा.'

वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. विनिता स्वतःशीच म्हणाली, गप्प राहणं म्हणजे होकार न्हाय. तिने पार्वतीला, बायकांतल्या सर्वांत मोठीला, सांगून ठेवलं, "भूपेशचं 'मान्य' आल्याबिगर सोमवारी कोणी निघायचं न्हाय."

शुक्रवारी उत्तर आलं. 'लिफ्ट आमची नाही ताई. इमारतीची आहे. ती मालकाने करायची.'

विनिता पाटावर बसली ती बराच वेळ उठली नाही. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं, तरी दाराशी दौलत उभा असल्यासारखं वाटलं, पायांत चप्पल घालून, कामाला निघालेला. तेच भगदाड. दोघांच्या मधलं, ज्यात माणूस पडतो.

मग ती सरळ सावळाराम काकांकडे गेली. जमीन त्यांची, भूपेशच्या कंपनीला भाड्याने दिलेलं गोदामही त्यांचंच. काका ओटीवर बसले होते.

"काका, लिफ्ट कोन करनार?"

"करारात भाडेकरूचं लिवलंय, असं मला वाटतंय."

"वाटतंय नको. कागद काढा."

कागद निघाला. इमारतीच्या दुरुस्त्या मालकाच्या, रोजची देखभाल भाडेकरूची, एवढंच त्यात होतं. लिफ्टचं नावही नव्हतं. काकांनी चष्मा काढला. भूपेशला फोन लावला, तिघं त्याच गोदामात जमले. विनिताने त्यांच्यासमोरच नवं लिहिलं: जाळी सावळाराम काका बदलतील, रविवारपर्यंत, मेकॅनिक त्यांचा. दुरुस्तीनंतर चाचणी भूपेश घेईल आणि पुढची दर महिन्याची तपासणी त्याच्या कंपनीकडे. बायका सोमवारीच येतील असं नाही, चाचणी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी येतील. मोबाइलवर तिघांचा ग्रुप करून तिने ते त्यावर टाकलं.

"वाचा दोघांनी. जे पटत न्हाय ते आत्ताच बोला."

भूपेशने कंपनीत विचारून एक शब्द बदलला. 'महिन्याची' ऐवजी 'पंधरा दिवसांची'. काकांनी जाड बोटाने अक्षरं शोधत 'मान्य' लिहिलं. पाठोपाठ भूपेशचंही आलं.

लिफ्ट दुरुस्त व्हायला बुधवार उजाडला. जाळीचा एक भाग ठाण्याहून यायचा होता. काकांनी उशीर होणार हे आधीच त्याच ग्रुपवर लिहून कळवलं, नवी तारीख दिली. बुधवारीच भूपेशने चाचणी घेतली, आणि बायका गुरुवारी गेल्या. कोणाला खरचटलंही नाही.

पार्वतीने वरून हाक मारली, "ये गं, बघ कशी मस्त बंद होते!" विनिता खालीच थांबली. तिला आनंद व्हायला हवा होता. पण मनात एकच गोष्ट घुमत होती. किती थोडं लागलं होतं. तीन माणसं, दोन ओळी, 'मान्य' हा एक शब्द. तेवढं दौलतच्या वेळी कोणी का केलं नाही, हे विचारायला आता जागा उरली नव्हती.

वरून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. त्या हसण्यात दौलतचा आवाज मिसळल्यासारखा तिला वाटला, आणि ती जिथे होती तिथेच उभी राहून ऐकत राहिली.