कणगीखालची मांजर

नव्या ज्वारीचा वास आला की मारेगावच्या घरातली दाणे साठवायची तुराट्यांची कणगी आठवते. एका वर्षी तिच्यातल्या बियाण्याला उंदीर लागले आणि उंदरांमागे शेतातली रानटी मांजर घरात शिरली. बाबांनी काठी उचलली. आई म्हणाली, "हाकलता कायले? दाण्यापाशी उंदीर आले, उंदरांपाशी ही आली." "मंग दूध पाज तिले." "दूध पाजलं तं उंदीर तुम्ही धरान का?" मांजर आम्हाला पाहून पळायची, आई तिच्याकडे बघायचीच नाही. पुढे तिला पिल्लं झाली; बुजरी रानात गेली, धीट तेवढी कणगीखाली राहिली. पेरणीला बियाणं पुरलं. माणसांच्या पहिल्या कोठारांपाशीही मांजर अशीच आपणहून माणसाळली, हे मी नंतर वाचलं. आई जाऊन महिना झाला. बाबा आता सगळ्यांना सांगतात, मांजर त्यांनीच पाळली होती.