पाच त्रिक पंधरा

तंजावूरच्या आमच्या तमिळ शाळेत थोरल्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, नवे खूळ काढले होते. शाब्दिक उदाहरण सोडवले की ते कसे सुटले, हे पोरांनी खाली स्वतःच्या शब्दांत लिहायचे. गुण चार: समजण्याला एक, रीतीला दोन, उत्तराला एक. पेपर घरी जायचा आणि पालकांची सही घेऊन परत यायचा. आम्हा शिक्षिकांचे काम तेवढे वाढले, आणि मी जाहीरपणे कुरकुरतही असे.

चौथीला मी उदाहरण घातले, 'एका घरात सहा माणसे आहेत. प्रत्येकाला तीन इडल्या, तर एकूण किती?'

आमच्याच गल्लीतल्या एका मुलीचे उत्तर होते पंधरा. लाल रेघ ओढणार, तेवढ्यात खालचे वाचले. "आम्ही सहा आहोत. पण काकूला इडली वाढत नाहीत. तिच्या खोलीला बाहेरून कडी असते. म्हणून सहातून एक वजा. पाच त्रिक पंधरा."

लाल पेन खाली ठेवले. पोरीने गणितातले घर आपलेच समजले होते. बाकी सगळे तमिळ, फक्त 'काकू' हा आम्हा इथल्या मराठी घरांतला शब्द तमिळ अक्षरांत. त्या घरी नवी केबल आली होती आणि गाणी दिवसभर मोठ्याने लावलेली असत. मी त्यांच्या हौसेला हसले होते; तो आवाज कशावर झाकण होता, ते आता कळले.

रीत बिनचूक होती, दोन गुण तिचे होते. पण चूक म्हणा की बरोबर, हा पेपर सहीसाठी त्याच घरी जाणार होता. मग कडी कोणाकोणाच्या खोलीला लागली असती?

मी थोरल्या बाईंना 'काकू'चा अर्थ सांगितला. त्यांनी पेपर हातात घेऊन खालचे पुन्हा वाचले.

"आत्ताच जाऊ या," मी म्हटले.

"आपण एकदम गेलो तर पोरीने सांगितलं हे कळेल. शनिवारी तुमच्यातलं कुणी वडीलधारं घेऊन जाऊ."

मला तो शनिवार फार लांबचा वाटला आणि त्यांचा रागही आला. पण बोलणे खोटे नव्हते. संशय नको म्हणून सगळ्या वर्गाची चाचणीच रद्द केली आणि तो पेपर त्यांच्या कपाटात ठेवला.

शुक्रवारी फेरचाचणी घेतली. पुन्हा सहा माणसे, प्रत्येकाला दोन वडे. तिचाच पेपर आधी काढला. उत्तर दहा. खाली एकच ओळ, "पाच दुणे दहा."

या वेळी तिने वजाबाकी केलीच नव्हती.

तिला व्हरांड्यात बोलावले. आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारले, "सहातून एक वजा करायला विसरलीस का गं?"

"नाही, टीचर. आता आम्ही पाचच आहोत," ती म्हणाली. "खोली उघडीच असते."

मी पेपर थोरल्या बाईंपुढे ठेवला. त्यांनी ती ओळ वाचली आणि शनिवारची वाट न पाहता चपला घातल्या.