तिघांनी सांगितलेलं आळेफाटा

खोडदच्या म्हस्कूतात्यांचा कुणावरच विश्वास नाही. एसटीचं तिकीट घेतलं की ते उजेडात धरून बघणार, औषध घेतलं की दुकानदाराला बाटलीवरची तारीख वाचायला लावणार. मेंढरं राखण्यात उभा जन्म गेला. वाचायला फक्त आकडे येतात, पण ते असे वाचतात की समोरच्याला घाम फुटावा.

नारायणगावच्या स्टँडासमोर माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. त्या बुधवारी दुपारी ते नातीला, ऋतिकाला घेऊन आले. पोरीला डिप्लोमाला सीट लागली होती. ऑनलाइन सगळं झालं होतं, आता मूळ कागद घेऊन कॉलेजात हजर व्हायचं. शेवटचा दिवस तोच, वेळ पाचपर्यंत. नाहीतर सीट गेली.

मी लेटर छापून दिलं. त्यावर कॉलेजचं नाव होतं, गावाचं नव्हतं.

"कॉलेज कुठं हाय?"

"आळेफाट्याला, तात्या. हायवेवर एवढा मोठा बोर्ड आहे."

सकाळपासून चाळीसेक पोरं हाताळून माझं डोकं उठलेलं, त्यात हे दारातच उभे. ऋतिकाला बाकावर बसवून स्वतः बाहेर गेले. मला वाटलं, सुटले. कुठलं काय. स्टँडावरच्या कंट्रोलरला विचारलं, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं आणि परत माझ्यासमोर.

"तिघं बी आळेफाटा म्हनत्यात, त्योच हायवेवरचा बोर्ड."

"मग झालं की. आता निघा, उशीर होईल."

"न्हाई. त्याचाच संशय येतोय."

माझं टाळकंच सरकलं. तिघं एकच सांगतात तर आणखी काय पुरावा पाहिजे या माणसाला?

ते शांतपणे बोलले, "रानात पान्याची वाट इचारली की कुनी वड सांगतो, कुनी वढा सांगतो. जो गेलाय तो आपली खूण सांगतो. तुमी तिघांनी बी बोर्डच सांगितला. म्हंजे आत कुनीच गेलं न्हाई." मग लेटरवरच्या चार आकड्यांवर बोट ठेवलं. "ह्यो आकडा त्या बोर्डावर हाय का?"

तो कॉलेजचा कोड. त्यांना गप्प करायचं म्हणून मी प्रवेशाच्या वेबसाइटवर कॉलेजांची यादी उघडली. एकाच संस्थेची तीन कॉलेजं, नाव तेच. एक आळेफाट्याला, एक चाकणला, एक मंचरजवळ. प्रत्येकाचा कोड वेगळा. ऋतिकाचा कोड मंचरचा निघाला.

आळेफाटा हायवेला इकडे वर, मंचर उलट्या दिशेला खाली. माझे कान गरम झाले. मी चूक कबूल केली नाही, नुसतं "मंचर आहे" म्हणाले.

तेवढ्यानंही तात्यांचं समाधान नाही. "फोन लावा. त्यांचा आकडा त्यांच्याच तोंडून वदवा. आपुन सांगायचा न्हाई."

यादीतल्या नंबरवर फोन लावला. तिथल्या क्लार्कनं कोड सांगितला. तात्या लेटरवर बोट फिरवत एकेक आकडा ऐकत होते. जुळला. मग कुठं पिशवी उचलली. अडीच वाजले होते, मंचरला पोचायला वेळ होता.

दारात थांबले, वळले.

"ताई, सकाळपास्नं आनखी कुनाला आळेफाटा सांगितलंत?"

सांगितलं होतं. घाटघरच्या भरतभाऊंची पोरगी संस्कृती, एकटीच आली होती. तिला कुणी तात्या नव्हते. मी आळेफाटा म्हटलं आणि ती मान हलवून गेली. तिचं लेटर कॉम्प्युटरवर काढलं. तेच चार आकडे.

फोन लावला तर पोरगी आळेफाट्याच्या कॉलेजात रांगेत उभी. "ताई, अकरापासून उभी आहे. आता चारच जणी पुढं आहेत."

"रांग सोड," मी म्हणाले. "मंचरला जा. आत्ताच्या आत्ता. जीप गाठलीस की जीपवाल्याला फोन दे, मी बोलते." रडू नको असंही म्हणाले, पण आवाज माझाच फाटला होता.

साडेचारला ऋतिकाची पावती व्हॉट्सअॅपवर आली. संस्कृतीचं काही नाही. पाचला दहा कमी, नाही. पाच वाजले, नाही. मी गिऱ्हाइकांना हाकललं आणि फोन समोर ठेवून बसले.

पाच वाजून बारा मिनिटांनी भरतभाऊंचा फोन आला. घाटघरला रेंज मिळायला ते टेकाडावर चढले असणार, धापा टाकत होते.

"ताई, झाला प्रवेश. हायवेला गाड्या तुंबल्या व्हत्या, अगदी शेवटाला पोचली. पोरगी म्हनली, कालेज दुसरंच व्हतं, ताईनी फोन केला म्हनून वाचले. आमच्या अडान्याचं कोन बघतंय एवढं. लई उपकार झालं तुमचं."

खरं सांगायचं होतं. जिभेवर आलंही होतं.

"असू द्या, भाऊ," मी म्हणाले.