एकशेऐंशीचं कापड

खुशालरावांचा फोन आला तेव्हा जमुना पुंडकर एका साडीचा फोटो सरळ करत होती. खुशालराव अकोल्याचे कापड दुकानदार. बोलताना आधी हसायचं, मग भांडायचं, ही त्यांची रीत.

"जमुनाबाई, हे पांढरं सुती पाठवलं ना तुमी नमुन्याले, त्याखाली काय लिवलं? 'भरीव, हिवाळी, अस्तर लागत नाही.' मी ते डोळ्यापुढे धरलं, तर त्यातून मले भिंतीवरचा पंखा दिसून राहिला. फिरते का बंद आहे तेबी दिसलं."

"असं कसं होईल भाऊ? एकशेऐंशीचं आहे ते."

"कशाचं एकशेऐंशी?"



अमरावतीच्या ठोक कापडबाजारात भगवंतरावांच्या पेढीवर ती पंधराएक वर्षांपासून होती. सुरुवातीला गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडायची. दर्यापूरचा, अंजनगावचा दुकानदार यायचा, कापड चिमटीत धरायचा, मुठीत चुरगळायचा आणि सौदा व्हायचा. आता ते लोक गावातूनच मोबाइलवर फोटो बघून माल मागवतात. फोटोला हात लावता येत नाही. म्हणून प्रत्येक फोटोखाली दोन ओळी लागतात आणि त्या जमुना लिहिते: कापड अंगावर कसं पडेल, कोणत्या ऋतूत चालेल, वजन किती.

वजन म्हणजे एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद तुकड्याचं ग्रॅममधलं वजन. त्यासाठी पेढीवर एक गोल कातर होती. कापडावर ठेवून दाबून फिरवली की शंभर चौरस सेंटिमीटरची चकती निघायची. चकती तोलायची आणि आकड्याला शंभराने गुणायचं. सुती कापडात साठ-सत्तर आलं तर जमुना 'झुळझुळीत, ओढणीसाठी' लिहायची. एकशेवीसच्या आसपास 'मऊ, उन्हाळी, कुर्त्याला'. एकशेऐंशीला 'भरीव, घडी धरतं, हिवाळी'. नुसत्या आकड्यावर ती विसंबत नसे. ऑर्गंडी हलकी असूनही ताठ उभी राहते आणि रेयॉन जड असूनही पाण्यासारखं खाली येतं, हे तिला माहीत होतं. म्हणून कापड आधी मनगटावर टाकून बघायचं, मग लिहायचं.

या पांढऱ्या कापडाच्या वेळी कातरीचं पातं बोथट झालेलं होतं आणि नवं यायचं होतं. गाठोड्याला गिरणीची चिठ्ठी होती, 'वजन १८० ग्रॅम/मीटर'. कापड मनगटावर टाकलं तर ताठ वाटलं. तिने लिहून टाकलं.

फोन ठेवून तिने पट्टी घेतली, दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन कापडावर आखला, कात्रीने कापला आणि शेजारच्या सोनाराकडे नेला. सोनाराने काटा पुसला.

"एक ग्रॅम बावीस. सोनं असतं तर अंगठी झाली असती, बाई."

एक पूर्णांक बावीस गुणिले शंभर. एकशेबावीस. गिरणीचा मीटर नुसत्या लांबीचा होता, चौरस मीटर नव्हता. कापडाचा पन्हा अठ्ठावन्न इंची, म्हणजे जवळजवळ दीड मीटर. चिठ्ठीतले एकशेऐंशी ग्रॅम त्या अख्ख्या रुंदीत वाटले गेले होते. बाजारात सगळे 'एकशेऐंशीचं', 'दोनशेचं' एवढंच म्हणत. कोणता मीटर, हे कोणी विचारत नसे. हाताला लागलेला ताठपणा कांजीचा होता, आणि कांजी पहिल्या धुण्यातच जाते.

खुशालरावांकडे नुसता नमुना होता. पण याच कापडाची गाठोडी कालच दर्यापूरला गेली होती, गंगूबाईंच्या शिवणगटाकडे. गंगूबाई तिथे परिचारिका विद्यालयाच्या मुलींचे गणवेश शिवत होत्या. कुर्ता आणि सलवार, सगळं पांढरं. 'अस्तर लागत नाही' हे वाचूनच त्यांनी माल घेतला होता. या कापडाची सलवार घालून मुली वॉर्डात वाकल्या, तर आतलं सगळं दिसेल. आणि कात्री लागलेला माल परत येत नाही, हा पेढीचा नियम.

गंगूबाई फोन उचलत नव्हत्या. शिवणयंत्रांच्या आवाजात त्यांना तो ऐकू जात नसे. जमुना भगवंतरावांपुढे उभी राहिली आणि झालेलं सांगितलं.

"तू काहून नाई मोजलं?" मालकांनी मान वर न करता विचारलं.

"पातं नव्हतं."

"पट्टी होती ना? आज तर तिच्यानंच मोजलं."

मालकांनी वही मिटली. ते म्हणाले, "जा. न कापलेलं असंन तेवढं बदलून देतो. कापलं असंन त्याचं तूच पाय."

दुसऱ्या ठाणाचा एक तुकडा तिने पिशवीत टाकला. हे कापड दाट विणीचं होतं. त्याचाही चौकोन सोनाराकडे तोलला, तो दोन ग्रॅमच्या थोडा वर भरला. मग ती दर्यापूरच्या बसमध्ये बसली. बाहेर काळ्या शेतांत कापसाची वेचणी चालू होती. तिच्या डोळ्यांपुढे मात्र एकच चित्र होतं, गंगूबाईंची मोठी कात्री आणि तिच्याखाली थरावर थर रचलेलं पांढरं कापड. थर रचलेलं कापड पारदर्शक दिसत नाही. कापणाऱ्याला कळायचं काही कारणच नव्हतं.

गटाच्या शेडमध्ये शिरताच तिला कापलेल्या तुकड्यांचे ढीग दिसले.

"हे काय कापलं, मावशी?"

"बाह्या, पाठी, पुढचे भाग. कुर्ते सारे झाले." गंगूबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "सलवारीचं आता घेतो. काहून? चेहरा काहून उतरला तुवा?"

जमुनाने एक पदर उचलून खिडकीशी धरला आणि मागे हात ठेवला. बांगड्या मोजता आल्या असत्या.

शेडमधली यंत्रं एकेक करून थांबली. गंगूबाईंनी तो पदर स्वतःच्या हातात घेतला.

"वाचून घेतलं म्या," त्या म्हणाल्या. "हात लावून घेतलं असतं तर तुले दोष देला नसता."

"कुर्त्याले चालते मावशी. आत शमीज असते, आन् उन्हाळ्यात हलकंच बरं. सलवारीले नाई चालत."

"दोन पदर लावू?"

"मंग अडीचशेच्या घरात जाते. मे महिन्यात पोरी भाजतीन."

तिने पिशवीतला तुकडा काढला. गंगूबाईंनी तो खिडकीशी धरला, चुरगळला, ओढून पाहिला. हात दिसला नाही. पण कुर्त्याशेजारी ठेवल्यावर दुसरीच अडचण उघड झाली. एक पांढरा निळसर होता, दुसरा दुधाळ.

विद्यालयाच्या मेट्रन पार्बताबाई यांना बोलावून आणलं. त्यांनी दोन्ही कापडं उन्हात शेजारी धरली.

"हे जुळत नाही. लांबूनच दिसेल."

"दिसू द्या न बाई," गंगूबाई म्हणाल्या. "पाय दिसण्यापरीस रंग दिसला बरा."

मेट्रनबाईंनी पातळ कापडाखाली स्वतःचा हात घातला आणि काढला. मग पुन्हा घातला. जमुना दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"सलवार दुधाळ राहू द्या," त्या म्हणाल्या. "पण आधी एक शिवा. धुवा. मी घालून बघते, मगच बाकीच्या कापा."

नवं कापड आणायला गाडी निघाली तसा जमुनाने मोबाइल काढला. फोटोखालचं 'भरीव, हिवाळी, अस्तर लागत नाही' पुसलं आणि लिहिलं: 'चौरस मीटरला १२२ ग्रॅम. कांजीमुळे ताठ लागतं, धुतल्यावर मऊ पडेल. उन्हाळी. कुर्त्याला. सलवारीला अस्तर हवंच.'

पाठवायच्या आधी तिने ते गंगूबाईंना वाचून दाखवलं.

"धुऊन पायलं का?" गंगूबाईंनी विचारलं.

जमुनाने मोबाइल खाली ठेवला. शेडमागच्या नळावर बादली भरायला लावली आणि त्या पातळ कापडाचा तुकडा पाण्यात बुडवला.